नऊ पानांची रुंदी

माझ्या पीएचडीचा विषय शेतांची नावं. आमच्याकडं शेताला गट नंबर असतो तो तलाठ्यासाठी. घरात मात्र प्रत्येक तुकड्याला हाक मारायचं नाव असतं. चिंचेचं, वड्याकडचं, खारवट, भुताचं, रुसकं. उमरग्याच्या आसपासच्या गावांतून अशी चारशेच्या वर नावं मी गोळा केली. गोळा करण्यात माझा कुणी हात धरणार नाही. गोंधळ लिहायला बसलं की सुरू होतो.

मी उमरग्यात ज्युनियर कॉलेजला मराठी शिकवते. माझे गाइड धाराशिवला राहतात. दर वर्षी प्रगती अहवालाचा छापील फॉर्म घेऊन त्यांच्या घरी जायचं, त्यांनी सही करायची, आणि मी तुळजापूरमार्गे परत यायचं, असा आमचा चार अहवालांचा शिरस्ता होता. सर कागद हातात घेत, दोनचार पानं पालटत, "चालू द्या," म्हणत आणि सही करत. दहा मिनिटांच्या वर मी त्या घरात कधी बसले नव्हते. मला वाटायचं, माझ्या कामावर त्यांचा केवढा विश्वास!

पाचव्या अहवालाची गोष्ट वेगळी होती. नोंदणीची मुदत एकदा वाढवून झाली होती. या खेपेला समाधानकारक प्रगती दिसली नाही तर नोंदणी रद्द, असं विद्यापीठाचं पत्र आलं होतं. त्यात सरांचा फोन आला, "बाई, या वेळी कागद नका आणू. लॅपटॉपवरच दाखवा." आणि फॉर्मवर एक रकाना होता: पूर्ण झालेल्या लेखनाची पानं. तो रकाना बघितला की मला पाणी प्यावंसं वाटायचं.

लिहून काय झालं होतं, तर साठेक शेतांची नावं आणि प्रत्येकाखाली चार ओळी. पण म्हणून मी रिकामी बसले होते असं समजू नका. माझ्या नोंदी एका ॲपमध्ये आहेत. साधं ॲप, प्रत्येक नोंद म्हणजे एक साधी फाइल, ओळीच्या आधी एक हॅश टाकला की ती ओळ शीर्षक होते. मात्र या ॲपचं रूप आपल्याला हवं तसं बदलता येतं. त्यासाठी सीएसएस नावाच्या भाषेत चार ओळींचा तुकडा लिहायचा. त्याला स्निपेट म्हणतात. मला याचा शोध लागला आणि माझा प्रबंध तिथंच बसला.

मी शीर्षकं आधी तांबडी केली, मग कुंकवाच्या रंगाची, मग करडईच्या फुलाच्या. एक अख्खा उन्हाळा मी 'भुताचं' या शेताचं शीर्षक कोणत्या निळ्यात जास्त भुताचं दिसतं ते बघण्यात घालवला. आमच्या आत्या, म्हणजे सासूबाई, पलीकडच्या कर्नाटकातल्या. त्या मागं उभ्या राहून बघायच्या आणि म्हणायच्या, "साकु ग बाई, साकु. ह्यापरीस घराला तरी रंग दिला असतास." साकु म्हणजे कन्नडमध्ये पुरे.

पण त्या पत्रानंतर माझ्या डोक्यात जो प्रकाश पडला, त्याला रंगाशी काही देणंघेणं नव्हतं.

कॉलेजच्या स्टाफरूममध्ये माझ्या शेजारी आयटी शिकवणारे सर बसतात. त्यांना मी सहज विचारल्यासारखं विचारलं, "ओळीची रुंदी कमी करता येते का हो?"

"येती की. एक व्हेरिएबल बदलायचं. पण कशापायी?"

"वाचायला बरं पडतं म्हणे," मी म्हटलं. हे वाक्य मी कुठंतरी वाचलं होतं. ते खरं असेल असं तेव्हा माझ्या मनातही आलं नव्हतं. माझा हिशेब सरळ होता. ओळ आखूड केली की मजकूर खाली वाढतो. शीर्षक मोठं केलं की आणखी खाली वाढतो. गाइड सर लॅपटॉपवर बघणार, म्हणजे खाली खाली जात राहणार, आणि जितकं खाली जावं लागेल तितकी पानं झाली असं त्यांना वाटणार.

बोर्डाच्या परीक्षेत आमच्याकडची पोरं हेच करतात. अक्षर मोठं काढायचं, समास ऐसपैस सोडायचा, एका ओळीत चार शब्द, आणि एकामागून एक पुरवण्या जोडत जायचं. पेपर तपासताना असल्या पुरवण्यांवर मी स्वतः लाल रेघा मारल्यात. पण आपण करतो ती युक्ती आणि पोरं करतात ती लबाडी, हा फरक शिक्षकाला जन्मतःच कळत असतो.

मी घरी जाऊन नोटपॅडमध्ये लिहिलं:

body {
  --file-line-width: 420px;
  --h1-size: 3.5em;
}

फाइल स्निपेटच्या फोल्डरमध्ये ठेवली, ॲपच्या सेटिंगमध्ये दिसण्याबद्दलचं पान उघडलं, खाली यादी बघितली. माझी फाइल यादीत नाहीच. यादी ताजी करायचं बटन दाबून दाबून थकले. दुसऱ्या दिवशी आयटीच्या सरांनी फोल्डर उघडून एक टिकमार्क केली तेव्हा फाइलचं खरं नाव दिसलं. नोटपॅडनं शेवटी गुपचूप टीएक्सटी चिकटवलं होतं, आणि ॲप फक्त सीएसएसनं संपणारी फाइल घेतं. ते शेपूट कापलं आणि फाइल यादीत आली. तिच्यापुढचं बटन चालू केलं. शीर्षकं टम्म फुगली, पण ओळ तशीच या टोकापासून त्या टोकापर्यंत.

"मॅडम, तुमी रीडेबल लाइन लेंथ बंद करून ठिवलंय," आयटीचे सर म्हणाले. "ते चालू असल्याबिगर रुंदीचं व्हेरिएबल ऐकतच न्हाय."

ते चालू केलं आणि माझा मजकूर मधोमध एका उभ्या पट्टीत येऊन उभा राहिला.

सरांनी कोड वाचला. "चारशे वीस? आकडा तरी दुसरा धरायचा हुता." आणि माझ्याकडं अशा नजरेनं बघितलं की मी तपासायचे पेपर ओढून घेतले.

घरी मी मोजलं. आधी पेज डाउनचं बटन सोळा वेळा दाबलं की मजकूर संपायचा. आता पंचेचाळीस वेळा दाबावं लागत होतं. एका रात्रीत, एक शब्दही न लिहिता, माझा प्रबंध जवळजवळ तिप्पट झाला होता. फॉर्मच्या त्या रकान्यात मी पेन्सिलनं ४५ लिहिलं. पेन्सिलनं लिहिलं तेव्हा मनात थोडी लाज होती असं म्हणायला जागा आहे.

तेवढ्यावर थांबले असते तर मी कसली! ठरलेल्या दिवशी सकाळच्या एसटीनं निघाले. नळदुर्ग गेलं आणि मला वाटायला लागलं, चारशे वीस म्हणजे जरा जास्तच रुंद होतंय. तुळजापूरच्या स्टँडवर गाडी थांबली, तेव्हा लॅपटॉप मांडीवर घेतला आणि ४२०पीएक्स खोडून ३६०पीएक्स लिहिलं. सेव्ह केलं. ॲप लगेच बदललं. उभी पट्टी गायब. मजकूर पडद्याच्या या कडेपासून त्या कडेपर्यंत पसरलेला, शीर्षकं पुन्हा आधीच्या बेताच्या आकाराची. माझं साठ शेतांचं साम्राज्य डोळ्यांदेखत सपाट झालं.

मी बटन बंद केलं, चालू केलं, ॲप बंद करून उघडलं. काही नाही. शेजारी बसलेल्या बाई केव्हाच्या बघत होत्या. त्या म्हणाल्या, "काय हरवलं का?"

"पानं," मी म्हटलं.

"खायची?"

"नाही हो."

त्यांनी तरी पिशवीतनं एक विड्याचं पान काढून माझ्या हातावर ठेवलं. धाराशिव यायला तासभर नव्हता. मी पान चघळत ते चार ओळींचं बाड पन्नास वेळा वाचलं, आणि गाडी धाराशिवच्या स्टँडमध्ये वळता वळता मला दिसलं. आकडा खोडताना त्याच्या पुढचा अर्धविरामही खोडला गेला होता. ओळ संपल्याची ती खूण नसल्यामुळं ॲपनं रुंदीच्या किमतीत पुढची शीर्षकाची ओळही गिळली होती, आणि असली किंमत त्याला कळत नाही म्हटल्यावर दोन्ही सोडून दिलं होतं. बारावीच्या मुलांना मी विरामचिन्हांवर तासभर बोलते. एक टिंब आणि एक स्वल्पविराम घातला, पट्टी उभी राहिली, आणि मी देवीचं नाव घेऊन खाली उतरले. आकडा मात्र घाईत परत ४२० केला. तो माझ्या कामाला शोभत होता.

सरांनी दार उघडलं. पलंगाशेजारच्या टेबलावर मी लॅपटॉप मांडला, आणि स्वतःच भराभर खाली सरकवत म्हणाले, "हे बघा सर. हे अजून आहे. अजून आहे. खाली खालीच आहे."

"थांबा," सर म्हणाले. "वर न्या."

मी वर नेलं. त्यांनी चष्मा पुसला, खुर्ची पुढं ओढली आणि वाचायला लागले. पालटायला नव्हे, वाचायला. पहिली ओळ, दुसरी ओळ, ओठ किंचित हलवत. मी घड्याळ बघितलं. दहा मिनिटं झाली. काकूंनी, म्हणजे सरांच्या पत्नीनं, चहा आणला. वीस झाली. काकूंनी माझ्याकडं बघितलं, मग पोहे आणले. मी पोह्यातला एकेक शेंगदाणा वेगळा करून खात होते, कारण दुसरं काही करता येत नव्हतं. सर पेज डाउन दाबत होते आणि मी मनात आकडा मोजत होते.

पस्तिसाव्या की छत्तिसाव्या वेळी ते थांबले. "हे 'सुलतानी'. कुण्या सुलतानानं इथं घोड्याला पाणी पाजलं. हे कोण सांगितलं?"

मी बशीतला आणखी एक शेंगदाणा बाजूला केला.

"बाई."

"मीच, सर."

"म्हंजे?"

"त्या शेताखाली लिहायला काही नव्हतं. मोकळं दिसत होतं."

सरांनी हूं केलं आणि परत वाचायला लागले. मला जमिनीत जावंसं वाटलं, आणि त्या जमिनीला जे काही नाव असेल ते मी बिनतक्रार प्रबंधात घातलं असतं.

शेवटचं पान संपलं तेव्हा दीड तास झाला होता. सर खुर्चीत मागं टेकले. "बाई, मी तीस वर्षं पेपर तपासले. पुरवण्या फुगवणारी पोरं मी अक्षर न वाचता लांबनं वळखतो. तुमच्या शीर्षकाचं एकेक अक्षर उंटाएवढं, आन् ओळीत शब्द मोजून पाच. छापलं तर किती होतंय हे?"

मी खोटं बोलणार होते. खरंच. तोंड उघडलंसुद्धा होतं. "नऊ," मी म्हटलं.

त्यांनी फॉर्म मागितला. पेन्सिलचं ४५ बघितलं. टेबलाच्या खणातून खोडरबर काढलं, स्वतःच्या हातानं ते खोडलं, फुंकर मारली. माझी पाच वर्षं त्या रबराच्या चुऱ्याबरोबर उडाली असं मला वाटलं. मग पेन उघडून कागद नाकाजवळ धरून त्यांनी लिहिलं: नऊ. वाचली. काम समाधानकारक. आणि सही केली.

माझा विश्वास बसेना. मी तो कागद दोनदा वाचला. मग मला तो मधला शब्द खटकला. आधीच्या चार अहवालांवर तो नव्हता.

"सर, 'वाचली' असं का लिहिलंय?"

सरांनी पेनाला टोपण लावलं. काकू पोह्यांच्या बशा गोळा करत होत्या, त्याच म्हणाल्या, "सांगा की आता. कुठवर लपवताव?"

"पडद्याचं दुखणं हाय डोळ्याच्या," सर म्हणाले. "लांब ओळ वाचली की खालची ओळच घावत न्हाय मला. परत तीच वाचतो, न्हायतर दोन खाली जातो. तुमच्या मागच्या चार अहवालांतलं एक पान वाचलं न्हाय म्या. नुसती पानं पालटली. लाज वाटली म्हणून सांगितलं न्हाय. लॅपटॉपवर अक्षर मोठं करता येतं म्हंतात, म्हणून या खेपेला कागद नको म्हनलो. आज तुमी म्हनला खालीच खाली हाय, आन् मला दिसलं की ही ओळ आखूड हाय, संपली की लगीच खालची घावती. शीर्षक एवढं थोर की चुकायचं म्हटलं तरी चुकत न्हाय. लई दिसांनी काहीतरी सलग वाचलं."

मला रडू आलं. मी पीएचडीची विद्यार्थिनी आणि ते गाइड, दोघंही एकमेकांसमोर पाच वर्षं पानं पालटत बसलो होतो, आणि दोघांनाही वाटत होतं की फसवणारे आपण एकटेच. काकूंनी मला पाणी दिलं.

"आता मला सांगा," सर म्हणाले, "ही तुमची लबाडी माझ्या लॅपटॉपवर बसती का?"

त्यांच्या लॅपटॉपवर मी ते ॲप टाकलं, रीडेबल लाइन लेंथ चालू आहे ना ते तपासलं, आणि फाइल त्यांनाच करायला लावली. त्यांनी नोटपॅडमध्ये लिहून सेव्ह केली आणि म्हणाले, "यादीत दिसत न्हाय." मी न बघता म्हटलं, "शेपूट कापा, सर." त्या दिवशी मी पहिल्यांदाच त्यांना काहीतरी शिकवलं. शीर्षक मात्र त्यांनी लहान करायला लावलं; म्हणाले, "'भुताचं' एवढं मोठं आलं की दचकायला होतं."

संध्याकाळच्या गाडीनं परतले. घरी आल्या आल्या आत्यांना सगळं सांगितलं. त्यांनी शांतपणे ऐकून घेतलं आणि विचारलं, "म्हंजे आता तो मास्तर समदं वाचणार?"

हे माझ्या डोक्यात आलंच नव्हतं.

सर समदं वाचतात. मी प्रकरण पाठवलं की तिसऱ्या दिवशी फोन. "बाई, 'खारवट'खाली जे लिहिलंय ते कोण सांगितलं? गावाचं नाव न्हाय, माणसाचं वय न्हाय." 'सुलतानी'साठी मला दोन वेळा त्या गावाला जावं लागलं. तिथल्या एका आजोबांनी सांगितलं की तिथं सुलतान वगैरे कुणी आलं नव्हतं. एका वर्षी त्या तुकड्यात सुलताना नावाची म्हैस अडकली होती. हेही खोटं असेल, पण निदान माझं नाही. पहिलं प्रकरण सरांनी चार वेळा परत पाठवलं. सैद्धांतिक भूमिका म्हणून मी घातलेली सहा पानं एका वाक्यात गेली: "हे काढा, शेताचं बोला." निवांत सह्या करणारा गाइड मी स्वतःच्या हातानं वाचता केला. माझ्यासारखी हुशार बाई पूर्ण जिल्ह्यात नसेल.

मधून मधून सरांचा निरोप येतो, ओळ जरा आणखी आखूड करा, शीर्षक जरा गडद करा. मग मी फाइल दुरुस्त करून पाठवते. प्रत्येक वेळी पाठवायच्या आधी माझी नजर त्या आकड्याच्या शेवटी जाते. तो अर्धविराम. तेवढाच एक गाळला की सरांच्या पडद्यावर ओळ कडेपासून कडेपर्यंत पसरेल, आणि मी पुन्हा दहा मिनिटांत सही घेऊन गाडीत. कुणाला कळणारही नाही. आठवडाभर 'वड्याकडचं'मधल्या दुरुस्त्या करून मान दुखत असते तेव्हा हा विचार मला फार गोड वाटतो.

काल पुन्हा निरोप आला. आता तीनशे साठ करा म्हणाले. उजवा डोळा जरा जास्तच कुरकुरतोय. मी आकडा बदलला, अर्धविराम आहे ना ते दोनदा बघितलं, आणि पाठवून दिलं.